आठ्या राहू द्या, सावली उतरवा: ७१ वर्षांच्या एका चेहऱ्याचे रिटचिंग

फोटो एका निवृत्त शिक्षिकेचा होता. वय ७१. ज्या संस्थेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं, तिथल्या वाचनालयात तो लागणार होता. प्रिंट १६ बाय २० इंच, म्हणजे समोर उभं राहिलं की चेहरा जवळजवळ खऱ्याएवढा दिसणार. काम आणलं होतं त्यांच्याच एका माजी विद्यार्थ्याने. त्याची मागणी दोन वाक्यांची होती. "बाई फार थकलेल्या दिसतायत, तेवढं कमी करा. पण त्या बाईच दिसल्या पाहिजेत."

वय झालेल्या चेहऱ्याच्या प्रत्येक कामात हीच दोन वाक्यं असतात आणि ती एकमेकांना छेद देतात असं वाटतं. तसं ती देत नाहीत, फक्त थकवा कशामुळे दिसतो आणि वय कशामुळे, हे वेगळं करून पाहावं लागतं. या कामात ते मला तिसऱ्या खेपेला जमलं. आधीच्या दोन खेपा का फसल्या हेही इथे सविस्तर लिहितो, कारण त्या दोन्ही पद्धती सर्रास वापरल्या जातात आणि वापरणाऱ्याला चूक लगेच कळत नाही.

आधी फोटोबद्दल. एकच छोटा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाआडचा दिवा, बाईंच्या डावीकडून, डोळ्यांच्या बराच वर लावलेला. सावलीच्या बाजूला भर घालायला काहीच नाही. असा बाजूने तिरका येणारा प्रकाश पोत उठावदार करतो. खडबडीत भिंतीवर बॅटरी चिकटवून धरली तर प्रत्येक उंचवट्याची सावली पडते, तसंच. शिवाय फोटोग्राफरने रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, उघडताना `Clarity` +२५ केली होती, फोटोला जोर यावा म्हणून. `Clarity` मधल्या टोनचा स्थानिक फरक वाढवते आणि सुरकुती म्हणजे नेमका तसाच फरक असतो. बाई मंद हसत होत्या, चष्मा काढलेला होता, नजर थेट कॅमेऱ्यात. फोटो म्हणून तो चांगलाच होता. विद्यार्थ्याला जो थकवा दिसत होता तो बराचसा प्रकाशाने आणला होता.

पहिली खेप मी फोटोशॉपमध्ये फ्रिक्वेन्सी सेपरेशनने केली. ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चित्राच्या दोन प्रती करायच्या. खालची गॉशियन ब्लरने धूसर करायची, तिच्यात रंग आणि सावल्या राहतात. वरच्या प्रतीत फक्त बारीक पोत उरवायचा. मग खालच्या थरात सावल्या मऊ करायच्या आणि वरचा पोत जसाच्या तसा ठेवायचा. कागदावर हे फार सुरेख वाटतं. मी ब्लरची त्रिज्या १२ पिक्सेल घेतली, खालच्या थरात कपाळ, गाल आणि डोळ्यांखालचा भाग लॅसोने निवडून धूसर केला आणि वीस मिनिटांत काम संपवलं.

फसलं ते असं. या फाइलमध्ये कपाळावरची आठी साधारण ८ ते १४ पिक्सेल रुंद होती. म्हणजे १२ च्या त्रिज्येला ती अर्धी खालच्या थरात गेली आणि अर्धी वरच्या. खालची अर्धी मी मऊ केली, वरची तशीच राहिली. परिणामी आठीची रुंद, मऊ सावली गेली आणि मधली बारीक काळी रेघ तेवढी उरली. खरी आठी म्हणजे कातडीचा उतार असतो, कड असते, तळ असतो. इथे उतार नाहीसा झाला आणि तळ मात्र उरला, जणू गुळगुळीत कपाळावर कुणी टोकदार पेन्सिलने ओरखडा काढला. शंभर टक्के झूमला हे लगेच दिसत नाही, कारण तिथे पोत शाबूत असतो आणि डोळा पोतावर विश्वास ठेवतो. प्रिंटच्या आकाराला लहान करून लांबून पाहिलं की दिसतं. गाल मेणाचा वाटतो, त्यावरची छिद्रं मात्र जिवंत वाटतात, आणि दोन्ही एकत्र पटत नाहीत.

त्याहून मोठी चूक डोळ्यांशी झाली. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यातून पसरणाऱ्या बारीक रेघा मी जवळजवळ पुसल्या होत्या. त्यामुळे हसू मेलं. गाल वर गेलेले, ओठांचे कोपरे वर गेलेले, पण डोळे न हसणारे. मनापासून हसताना डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आकुंचन पावतो आणि कोपऱ्यात त्या रेघा पडतात. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ मध्ये हा फरक नोंदवला, म्हणून अशा हसण्याला त्यांचंच नाव आहे. हसऱ्या चेहऱ्यावरच्या त्या रेघा त्या क्षणी चाललेल्या हसण्याचाच भाग असतात, मग वय २५ असो की ७१. त्या काढल्या की माणूस तरुण दिसत नाही, खोटा हसतोय असं दिसतं. ती फाइल मी स्वतःच रद्द केली, कुणाला दाखवली नाही.

दुसऱ्या खेपेला मी साधी वाट धरली. वर एक रिकामा लेयर, दुसऱ्या जागेवरची कातडी आणून बसवणारा हीलिंग ब्रश, `Sample` मध्ये `Current & Below`, आणि प्रत्येक सुरकुती पूर्ण काढून टाकायची. मग त्या लेयरची ओपॅसिटी ५० टक्क्यांवर आणायची, म्हणजे अर्धी सुरकुती परत येते. ही पद्धत मी अनेक वर्षं वापरली आहे, तरुण चेहऱ्यांवर अजूनही वापरतो. एखाद-दुसरी बारीक रेघ असेल तर ती उत्तमच आहे.

पण ७१ वर्षांच्या चेहऱ्यावर रेघा एखाद-दुसऱ्या नसतात. कपाळावर पाच, डोळ्यांखाली जाळं, ओठांवर उभ्या डझनभर. इतक्या ठिकाणी अर्ध्या ओपॅसिटीचं हीलिंग केलं की एक वेगळीच अडचण उभी राहते आणि ती मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजली. हीलिंगने टाकलेली कातडी दुसऱ्या जागेवरची असते, तिची छिद्रं आणि ठिपके खालच्या मूळ ठिपक्यांशी जुळत नाहीत. दोन न जुळणारे पोत अर्धे-अर्धे मिसळले की ते एकमेकांना खोडतात. गणिताने पाहिलं तर पोताचा जोर साधारण ७० टक्क्यांवर येतो. म्हणजे जिथे जिथे सुरकुती होती, तिथे तिथे एक किंचित गुळगुळीत पट्टा तयार होतो. एक पट्टा कुणाला दिसत नाही. पाच समांतर पट्टे असले की कपाळ घासून काढल्यासारखं दिसतं, आणि प्रकाश तिरका असल्यामुळे बाकीच्या खडबडीत कातडीशेजारी ते उठून दिसतात.

ही फाइल मी विद्यार्थ्याला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "छान आहे. दहा वर्षांपूर्वीच्या बाई वाटतात." तो खूश होता. मी नव्हतो. वाचनालयात बाईंना आता ओळखणारे लोक येणार होते, दहा वर्षांपूर्वी ओळखणारे नव्हे. कुणी फोटोला वर्षं चिकटवली की काम हाताबाहेर गेलं, असं मी धरून चालतो. मी त्याच्याकडे दोन दिवस मागितले आणि फोटोग्राफरला फोन केला.

त्याच्याकडे मला हवी होती त्या दिवसाची सगळी शूटिंग, टाकून दिलेल्या फ्रेमसकट. सुरुवातीच्या चाचणीच्या फ्रेम्समध्ये एक निघाली, ज्यात सहायक सावलीच्या बाजूला पांढरा बोर्ड धरून उभा होता आणि दिवाही जरा खाली होता. बाई त्यात हसत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या. फोटो म्हणून काहीच नाही, पण मला हवं ते त्यात होतं. तोच चेहरा, तोच दिवस, तीच लेन्स, पण मऊ प्रकाश. त्या फ्रेममध्ये आठ्या जेवढ्या खोल दिसतात, तेवढ्या बाई खरोखर कुणासमोर बसल्यावर दिसतात. कारण समोर बसलेला माणूस आपल्याला सहसा एकाच तिरक्या दिव्यात दिसत नाही, खोलीभर पसरलेल्या उजेडात दिसतो.

आता माझ्याकडे मोजमाप होतं. इथवर मी 'किती कमी करू' हे डोळ्याने ठरवत होतो, आणि तासभर एकाच चेहऱ्याकडे पाहिलं की डोळा खोटं बोलायला लागतो. `Info` पॅनेल लॅब आकड्यांवर लावलं, त्यात उजळपणा ० ते १०० मध्ये कळतो, आयड्रॉपरचा नमुना `5 by 5 Average` केला, म्हणजे एखाद्या छिद्राने आकडा उडणार नाही. मग कपाळावरची मधली, सगळ्यात खोल आठी दोन्ही फ्रेममध्ये मोजली. मुख्य फोटोत आठीच्या तळाचा उजळपणा ४१, वरच्या सपाट कातडीचा ५५. फरक १४. चाचणीच्या फ्रेममध्ये तळ ४७, कातडी ५४. फरक ७. म्हणजे त्या आठीची निम्मी खोली बाईंची होती आणि निम्मी दिव्याची. माझं काम या दुसऱ्या निम्म्यापुरतं होतं.

प्रत्येक फोटोला अशी दुसरी फ्रेम मिळेलच असं नाही. नसेल तर त्या व्यक्तीचा हल्लीच काढलेला, खिडकीजवळच्या उजेडातला कुठलाही मोबाइलवरचा फोटो चालतो. आकडे जुळवता येणार नाहीत, पण कुठली रेघ मुळात किती खोल आहे याचा क्रम तरी कळतो. काहीच हाताशी नसताना काम करणं मी आता टाळतो.

तिसरी खेप रॉ फाइलपासून सुरू केली. `Clarity` शून्यावर आणली, `Texture` −८ केली. बस. `Texture` आणखी खाली ओढायचा मोह होतो, पण −२० च्या पलीकडे या चेहऱ्यावर गालावरची बारीक लव नाहीशी होत होती, आणि वय झालेल्या कातडीवर ती लव उजेड धरते, चेहऱ्याला मऊपणा देते. एवढ्यानेच कपाळावरचा फरक १४ वरून १२ वर आला. ब्रश हातात घेण्याआधीच. फाइल १६ बिटमध्ये उघडली, कारण पुढे हलक्या हाताने शेकडो फटके मारायचे होते आणि ८ बिटमध्ये गालाच्या उतारावर पायऱ्या पडतात.

मग तात्पुरत्या गोष्टी. सुटलेले केस, भुवईवरचा पावडरचा कण, डोळ्यांखाली रेघांमध्ये जमलेला मेकअप. हा शेवटचा मुद्दा वय झालेल्या चेहऱ्यावर फार महत्त्वाचा असतो. फाउंडेशन रेघेत साचलं की रेघेचा तळ गडद न होता फिकट, कोरडा दिसतो आणि दोन्ही काठ ठळक होतात. ते साचलेलं काढलं की रेघ आपोआप शांत होते, तिला हात लावावा लागत नाही. इथे हीलिंग ब्रश वापरला, पूर्ण ओपॅसिटीला, कारण या गोष्टी अर्ध्या ठेवायच्या नव्हत्या. गालावरचे वयाचे डाग आणि हनुवटीजवळचा तीळ तसेच ठेवले.

खरं काम डॉज आणि बर्नचं, म्हणजे हव्या त्या जागा हाताने उजळ किंवा गडद करण्याचं. त्यासाठी दोन कर्व्हज लेयर, म्हणजे खालच्या चित्राचा उजळपणा बदलणारे थर. एक मधून वर उचललेला, एक मधून खाली दाबलेला, दोन्हींचे मास्क काळे, म्हणजे परिणाम आधी पूर्ण झाकलेला. पांढऱ्या मऊ ब्रशने, `Flow` २ टक्के, हव्या तेवढ्याच जागी मास्क उघडत जायचं. यात मूळ पिक्सेल तिथल्या तिथे राहतात, फक्त उजळ किंवा गडद होतात. दुसरीकडची कातडी येत नाही, म्हणून पोत खोडला जात नाही आणि तो घासलेला पट्टा तयार होत नाही. दुसऱ्या खेपेची अडचण इथे मुळातच संपते. किंमत एकच, वेळ. कपाळालाच चाळीस मिनिटं गेली.

एक आठी कशी केली ते जवळून सांगतो, बाकी सगळ्या तशाच.

ब्रशची रुंदी आठीच्या तळाएवढी, म्हणजे इथे साधारण १० पिक्सेल. झूम ६६ ते १०० टक्के. ३०० टक्क्यांवर गेलं की प्रत्येक छिद्र चूक वाटायला लागतं. पहिला फटका आठीच्या सगळ्यात खोल जागी, बहुतेक वेळा मधोमध. तिथून दोन्ही बाजूंना जाताना हात हलका करत न्यायचा आणि टोकं येण्याआधी थांबायचं. याचं कारण असं की आठी टोकांकडे आपणहून विरत जाते, तिथे फरक मुळातच दोन-तीन असतो. संपूर्ण आठी सारखीच उजळली तर टोकं आधी नाहीशी होतात आणि आठी आखूड होते. मी यावर बराच विचार केला आहे आणि माझं मत ठाम आहे. वय रेघेच्या लांबीत आणि जागेत असतं, थकवा खोलीत. पाच आठ्या पाचच राहिल्या, जिथे सुरू होतात तिथे सुरू झाल्या आणि जिथे संपतात तिथे संपल्या, तर त्या निम्म्या उथळ झाल्या तरी माणूस त्याच वयाचा दिसतो. दोन आठ्या पूर्ण काढून तीन तशाच खोल ठेवल्या तर चेहरा परका होतो, थकलेला मात्र राहतोच.

तळ उचलला की अर्धंच काम झालं. प्रत्येक सुरकुतीला एक उजळ कडा असते, जिथे कातडी फुगून दिव्याकडे वळते. इथे प्रत्येक आठीच्या खालच्या काठाला ती होती, उजळपणा ५८, म्हणजे सपाट कातडीपेक्षा ३ ने जास्त. नुसता तळ उचलला आणि कडा तशीच सोडली की कपाळावर फिकट आडव्या रेषा दिसतात, जुन्या जखमेच्या वणासारख्या. म्हणून दुसऱ्या कर्व्हज लेयरने ती कडा ५६ पर्यंत खाली आणली. हे विसरणारे लोक मग तळ आणखी उचलतात, कारण काहीतरी अजून खटकतंय असं वाटत राहतं, आणि बघता बघता आठी गायब होते. खटकत असते ती कडा.

तळ ४१ वरून उचलत ४७ वर आला तेव्हा मी थांबलो. फरक ८. चाचणीच्या फ्रेममध्ये ७ होता. एक मुद्दाम शिल्लक ठेवला, कारण मुख्य फोटोतला प्रकाश अजूनही तिरकाच आहे. नाकाची सावली, गालाची सावली सगळं तेच सांगतं, मग आठ्या एकट्याच मऊ प्रकाशातल्या असून कसं चालेल? याच कारणाने चेहऱ्याच्या उजव्या, म्हणजे सावलीच्या बाजूच्या रेघा मी डावीकडच्यापेक्षा खोल ठेवल्या. दोन्ही बाजू सारख्या केल्या की दिवा कुठे होता तेच कळेनासं होतं, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी बनावट आहे एवढं जाणवतं.

उचललेल्या तळांचा रंग बिघडतो, हेही इथे सांगायला हवं. सावलीतली कातडी लालसर असते, ती उजळल्यावर लाली वर येते आणि आठी नारिंगी दिसते. वर एक लेयर `Color` मोडमध्ये, शेजारच्या सपाट कातडीचा रंग उचलून रेघेवरून हलकेच फिरवला, ओपॅसिटी २० टक्के. पुरेसं झालं.

नाकाच्या बाजूने ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला सुरकुतीसारखं वागवणं ही फार मोठी चूक. ती चेहऱ्याची रचना आहे. लहान मूल हसलं तरी ती दिसते. गाल कुठे संपतो आणि ओठांचा भाग कुठे सुरू होतो ते तीच सांगते. तिला निम्मं करून पाहिलं तेव्हा बाईंचा गाल सुजल्यासारखा, दाताच्या दवाखान्यातून आल्यासारखा दिसला. शेवटी घडीचा वरचा दोन तृतीयांश भाग सोडून दिला. ओठाच्या कोपऱ्याजवळ जिथे ती खाली वळून तोंडाला दुःखी वळण देत होती, तेवढाच शेवटचा भाग उचलला. दोन सेंटिमीटरचं काम, पण विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी जो थकवा म्हटला होता तो चेहऱ्यावर सगळ्यात जास्त इथेच होता.

तो थोडा डोळ्यांखालीही होता. तिथे पिशवी असते आणि पिशवीखाली पन्हळीसारखी सावली. वरून येणाऱ्या दिव्याने ती पन्हळ काळी केली होती. पन्हळ उचलली, पिशवीला हात लावला नाही. पिशवीही सपाट केली की डोळा आणि गाल यांच्यामध्ये काहीच उरत नाही आणि नजर चेहऱ्यावर चिकटवल्यासारखी वाटते. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या हसण्याच्या रेघांसाठी चाचणीच्या फ्रेमचा उपयोग नव्हता, तीत बाई हसतच नव्हत्या. तिथे आकडे सोडून दिले. सगळ्यात खालची, गालावर उतरणारी एक रेघ थोडी हलकी केली, बाकी तशाच. ओठांवरच्या उभ्या रेघाही जरा शांत केल्या, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

डोळ्यांच्या आत मी काहीच केलं नाही आणि ते मुद्दाम लिहितोय. बुबुळाच्या कडेला बाईंच्या डोळ्यात फिकट करडं कडं होतं. उतारवयात ते बऱ्याच जणांना येतं. डोळे 'चमकवायच्या' नादात ते सहज पुसलं जातं, पांढरा भाग पांढराशुभ्र होतो आणि ७१ वर्षांच्या चेहऱ्यात विशीचे डोळे बसतात. दातांचंही तसंच, केसांचंही.

मान राहिली होती. पहिल्या दोन्ही खेपांत मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. चेहऱ्यावर झूम करून काम करताना मान स्क्रीनच्या बाहेर असते आणि लक्षात राहत नाही. पण प्रिंट लांबून पाहणाऱ्याला चेहरा आणि मान एकत्र दिसतात, आणि दोघांचं वय वेगळं आलं तर मान खरं बोलते. मानेच्या वळ्या कपाळाच्याच प्रमाणात, म्हणजे साधारण निम्म्या उथळ केल्या. मांडीवर ठेवलेले हात फ्रेममध्ये नव्हते, नाहीतर तेही पाहावे लागले असते.

सगळं झाल्यावर ती फाइल रात्रभर बंद ठेवली. सकाळी दोन खिडक्यांत उघडली, एकीत मूळ, एकीत काम केलेली, दोन्ही आडव्या उलट्या करून. उलटा चेहरा अनोळखी होतो आणि चूक पटकन दिसते. एक चूक दिसलीही. कपाळाची डावी कड केसांपाशी जास्त उजळली होती, तिथला मास्क पुसला.

मग प्रिंटची तयारी. फोटोचा उभा काप ४००० बाय ५००० पिक्सेलचा होता, १६ बाय २० इंचांना तो इंचाला २५० पिक्सेल पडतो, तेवढं पुरतं. प्रिंटसाठी शार्पनिंग द्यावं लागतं आणि इथे बहुतेकांचं काम वाया जातं. शार्पनिंग गडद कडा आणखी गडद आणि उजळ कडा आणखी उजळ करतं, म्हणजे सुरकुतीचा तळ आणि कडा जिथून आणले तिथे परत नेऊन ठेवतं. माझा ८ चा फरक पूर्ण शार्पनिंगनंतर ११ झाला होता. म्हणून शार्पनिंगच्या लेयरला मास्क लावून ते डोळे, भुवया, केस आणि साडीच्या काठापुरतं पूर्ण ठेवलं, कातडीवर फक्त एक चतुर्थांश. पुन्हा मोजलं, ८ च्या थोडं वर. ठीक.

विद्यार्थ्याला पाठवताना या वेळी 'कसा वाटतो' असं विचारलं नाही. त्या प्रश्नाला लोक 'छान' म्हणतात. त्याला म्हटलं, बाईंना ओळखणाऱ्या दोघा-तिघांना काहीही न सांगता दाखव आणि विचार, हा फोटो कधीचा आहे. दुसऱ्या खेपेत त्याने स्वतःच दहा वर्षं मागे नेलं होतं. या वेळी तिघांपैकी दोघांनी 'आत्ताचाच ना?' असं विचारलं, तिसऱ्याने दिव्याबद्दल विचारलं. सुरकुत्यांबद्दल कुणी बोललं नाही.

शेवटी फोटो बाईंना दाखवला. प्रिंट करण्याआधी त्यांनीच पाहावा असा माझा आग्रह होता. त्यांनी बराच वेळ पाहिला, चष्मा लावून, मग काढून. "कपाळ माझंच आहे," म्हणाल्या. मग नाकावर बोट ठेवलं. "पण इथलं काय झालं?"

तिथे चष्म्याच्या टेकूंचे दोन वण होते, मी ते तात्पुरत्या गोष्टींबरोबर पहिल्या अर्ध्या तासातच काढून टाकले होते. माझा नेहमीचा नियम असा की दोन आठवड्यांत जे चेहऱ्यावरून जाणार आहे ते काढायचं, जे राहणार आहे ते ठेवायचं. चष्मा काढला की टेकूंचे ठसे थोड्या वेळात जातात, म्हणून नियमात बसले. बाई म्हणाल्या, "अहो, चाळीस वर्षं चष्मा लावतेय मी. मुलांनी मला चष्मा काढून पाहिलंच कधी? काढला की हेच दिसायचं."

हीलिंगचा तो भाग वेगळ्या लेयरवर होता म्हणून सोपं गेलं. मास्कने तो भाग उघडला, दोन्ही वण परत आणले. दिव्यामुळे उजवा जरा जास्त गडद होता, त्याला डॉजचे चार-पाच फटके दिले आणि प्रिंट पाठवली.